रिपोर्टमधलं ‘मेटास्टॅसिस’ म्हणजे चौथी स्टेज नव्हे

“मावशी, आईच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा रिपोर्ट आला. मेटास्टॅसिस लिहिलंय. म्हणजे चौथी स्टेजच ना? सराफ्यातले काका तर तसंच म्हणाले.”

नाही रे. काकांचा हा समज इंदुरात मी वर्षानुवर्षं ऐकतेय. मेटास्टॅसिस म्हणजे मूळ गाठीतल्या पेशी निघून दुसरीकडे रुजल्या. कुठे रुजल्या, हे त्या शब्दात नाही; ते पुढे वाचावं लागतं.

तुझ्या रिपोर्टमध्ये पुढे आहे: काखेतल्या 14 लसिकाग्रंथी तपासल्या, त्यातल्या 2 मध्ये मेटास्टॅसिस. मूळ गाठ 3 सेंटीमीटरची. खाली pT2 pN1a लिहिलंय, ते हेच: T गाठीचा आकार, N जवळच्या ग्रंथी. स्तनातून निघालेल्या पेशींना पहिला थांबा बहुधा काखेतलाच. चौथी स्टेज M ने ठरते, म्हणजे हाडं, यकृत, फुप्फुस, मेंदू अशा दूरच्या जागी रोग सापडला तर. तो नसेल, तर आकार आणि ग्रंथींच्या हिशेबाने ही दुसरी स्टेज, 2बी.

पण ‘तो नसेल’ हे या कागदावरून कळत नाही. पॅथॉलॉजिस्टकडे ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडाच गेला होता, अख्खी आई नाही. म्हणून डॉक्टरांना इतकंच विचार: “स्कॅन झाला का, लागणार का, आणि M काय?”

आणि कधी यकृतात मेटास्टॅसिस सापडलंच, तरी तो यकृताचा वेगळा कॅन्सर नसतो. पेशी स्तनाच्याच असतात, म्हणून औषधंही स्तनाच्या कॅन्सरचीच चालतात.