गोधडी झटकली की शिंका का येतात?

माझ्या भाच्याचं नाक सकाळी सहाला चोंदलेलं असायचं आणि शाळेत पोचेपर्यंत मोकळं व्हायचं. उठल्याउठल्या दहा-बारा शिंका, नाकाला खाज, आणि रात्री एक-दोनच्या सुमारास कोरडा खोकला. ताप मात्र कधीच नाही. घरात सगळे ‘हवा बदललीय’ म्हणायचे. पण रोज फक्त झोपायच्या वेळीच हवा कशी बदलेल? शेवटी डॉक्टरांनी त्याच्या हातावर निरनिराळ्या ॲलर्जींचे थेंब ठेवून हलकंसं टोचलं. पंधरा मिनिटांत एका थेंबाखाली डास चावल्यासारखी गांधी उठली. तो थेंब डस्ट माइटचा होता.

डस्ट माइट म्हणजे कोळी-गोचिडाच्या गोतावळ्यातला आठ पायांचा जीव. लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही. आपल्या अंगावरून झडलेला कोंडा खातो. 1967 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचा संबंध या माइटशी जोडून दाखवला. पुढे 1981 मध्ये कळलं की खरा त्रास त्याच्या विष्ठेचा आहे. एक माइट दिवसाला साधारण वीस बारीक गोळ्या टाकतो. त्यांत पचनाचं एक विकर असतं, आणि ते नाकाच्या आतल्या अस्तरातल्या पेशींची एकमेकींना धरून ठेवणारी वीण उसवू शकतं. ॲलर्जी असलेल्याचं शरीर त्यावर तुटून पडतं. नाक सुजतं, पाणी सुटतं, ते पाणी आडवं झाल्यावर घशात उतरतं आणि खोकला येतो. दम्याच्या मुलांत श्वासनलिकाही आवळतात.

या गोळ्या जड असतात. गादी हलवली की उडतात आणि वीस-तीस मिनिटांत खाली बसतात. म्हणून हवा शुद्ध करणाऱ्या महागड्या यंत्राचा इथे फारसा उपयोग होत नाही. नाक तर रात्रभर उशीतच खुपसलेलं असतं! आणि गोधडी खोलीतच झटकणं म्हणजे त्या पोराच्या नाकात मूठभर धूळ फुंकण्यासारखंच. अंथरूण आवरताना ज्याला त्रास आहे त्याने अर्धा तास दुसऱ्या खोलीत बसावं.

माइट पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून जगतो. हवा बरेच दिवस कोरडी राहिली की तो वाळून मरतो. मुंबई-कोकणची दमट हवा त्याला मानवते, आणि पावसाळ्यात तर त्याची चंगळ. पण मेला तरी विष्ठा तिथेच राहते, म्हणून नुसतं मारून भागत नाही, धुवावंच लागतं. थंड पाण्यात धुतलं तर विष्ठा बरीचशी निघून जाते, पण माइट बहुतेक जिवंत राहतात. ते मरायला पाणी 55 ते 60 अंश गरम हवं. अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला त्याला महिनाभर लागतो, म्हणून चादर आणि उशीचा अभ्रा आठवड्यातून एकदा धुतला की त्याला वाढायला सवड मिळत नाही.

आपल्याकडच्या पुष्कळ मशीनमध्ये पाणी तापवायची सोय नसते. बहिणीने उपाय काढला तो असा: बादलीत चार लिटर नळाचं पाणी, त्यावर सहा लिटर उकळतं. नळाचं 25 अंश धरलं तर मिश्रण 70 अंशांच्या आसपास जातं. बादली आणि कापड काही अंश खातात, तरी झाकण ठेवलं तर बराच वेळ पुरेसं गरम राहतं. अर्धा तास भिजवून मग नेहमीसारखं मशीनमध्ये. एवढ्या पाण्यात हात घालू नये, भाजतो. काठीने दाबावं, आणि पोरं लांब ठेवावीत.

खरी पंचाईत गोधडीची. जुन्या साड्यांच्या थरांची गोधडी दर आठवड्याला कोण धुणार? तिला सुती खोळ घालावी आणि खोळ आठवड्याला धुवावी. गोधडी महिन्या-दोन महिन्यांनी धुऊन कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवावी. उन्हाने माइट मरतात, विष्ठेतलं प्रथिन मात्र तसंच राहतं, म्हणून वाळल्यावर ती गच्चीवरच झटकावी, आणि झटकणारा ॲलर्जीवाला नसावा. गादी-उशीला घट्ट विणीची, चेन असलेली माइटरोधक खोळ मिळते. नुसत्या खोळीवर विसंबलं तर निराशा होते, कारण माइट गालिच्यात, सोफ्यात, पडद्यांतही असतात. कापडी अस्वल धुता येत नसेल तर पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवावं. माइट मरतात, पण वरची धूळ नंतर मोकळ्या जागी झटकावीच लागते.

हे सगळं करूनही खोकला दोन आठवड्यांवर गेला, ताप आला, वजन उतरलं, तर चादरी धूत बसू नये. क्षयाची तपासणी करून घ्यावी. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल तर दम्यासाठी डॉक्टरांना दाखवावं. नुसती ॲलर्जी असली तरी नाकाचा फवारा डॉक्टरांनी सांगितला असेल तितके दिवस चालू ठेवावा. बहिणीने चादरी धुवायला लागल्यावर तो मधेच बंद केला होता, आणि आठवड्याभरात नाक पुन्हा चोंदलं.

भाचा वापरायचा ती, आईने स्वतः भरलेली शेवरीची उशी आता माळ्यावर आहे. वीस वर्षांची होती, आणि आतला कापूस एकदाही बदललेला नव्हता.