‘पे’ दाबल्यावर जाणारे दोन निरोप

ऑनलाइन दुकानांच्या मदत-कक्षात रोज येणारी तक्रार म्हणजे ‘पैसे कट झाले, पण ऑर्डर फेल दाखवतंय’. ग्राहक म्हणतो पैसे गेले, दुकानदार म्हणतो आलेच नाहीत, आणि बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. हे कसं शक्य आहे ते समजायला ‘पे’च्या बटणापासून बरंच मागे, कागदी पावत्यांच्या काळात जावं लागतं.

१९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात हजारो घरी न मागता कार्डं टपालाने पाठवली. दुकानदार ते कार्ड एका छोट्या यंत्रात ठेवायचा, वर कार्बनची पावती घालायचा आणि दांडा सरकवायचा. कार्डावरची उठावाची अक्षरं पावतीवर उमटत. पावत्यांचा गठ्ठा त्याच्या बँकेत जाई, तिथून ग्राहकाच्या बँकेकडे, आणि पैसे मिळत ते या पावत्यांवर. मात्र रक्कम ठरलेल्या मर्यादेहून मोठी असली की पावती करण्याआधी फोन करून विचारावं लागे: या कार्डावर एवढे चालतील का? पलीकडून होकार आणि एक क्रमांक मिळे, तो पावतीवर लिहून घ्यायचा.

म्हणजे विचारणं वेगळं आणि वसूल करणं वेगळं. फोनवर एक पैसाही हलत नव्हता, मिळायचा तो फक्त शब्द.

संगणक आले तेव्हा ही दोन कामं एकत्र करता आली असती, पण तसं झालं नाही. डी हॉक यांच्या नेतृत्वाखालच्या ज्या संस्थेला १९७६ पासून व्हिसा हे नाव मिळालं, तिने १९७३ मध्ये ‘बेस वन’ सुरू करून फोनची जागा संगणकाला दिली. ‘बेस टू’ने पुढच्याच वर्षी पावत्यांच्या गठ्ठ्यांची जागा घेतली. दोन कामं, दोन यंत्रणा. माझ्या मते यात आळस नव्हता, व्यवहाराची गरज होती. हॉटेलात उतरणाऱ्याचं अंतिम बिल पहिल्या दिवशी माहीत नसतं, आणि टपालाने माल मागवणाऱ्याकडून माल निघण्याआधी पैसे घेणं बरोबर नव्हतं. आधी शब्द घ्यायचा, रक्कम नंतर. एटीएमच्या नेटवर्कांनी मात्र एकाच निरोपात दोन्ही कामं उरकायची पद्धत उचलली, कारण तिथे नोटा लगेच हातात पडतात.

हा ‘शब्द’ कसा मागायचा याची भाषा १९८७ मध्ये आयएसओ ८५८३ या मानकात बांधली गेली. आजही ‘पे’ दाबल्यावर दुकानदाराच्या बँकेकडून नेटवर्कमार्गे ग्राहकाच्या बँकेकडे जाणारा निरोप साधारण याच घडणीचा असतो. त्यातले मोजके खाने पाहू:

```
0100                  0110
004  000000245000     004  000000245000
011  482913           011  482913
                      038  7K41B2
                      039  00
```

डावीकडे प्रश्न, उजवीकडे उत्तर. चौथ्या खान्यात २,४५० ही रक्कम दशांश चिन्हाशिवाय, शेवटचे दोन आकडे शतांशाचे धरून लिहिली आहे. अकराव्यातला क्रमांक उत्तराची प्रश्नाशी जोडी लावतो. एकोणचाळिसाव्यातलं `00` म्हणजे होकार. तिथे `51` आलं तर खात्यात पुरेसे पैसे नाहीत. आणि अडतिसाव्यातली सहा अक्षरं म्हणजे फोनवरून पावतीवर उतरवला जाणारा तोच जुना क्रमांक. होकार देताना ग्राहकाची बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते. ग्राहकाला मेसेज येतो, शिल्लक कमी दिसते, आणि तो म्हणतो ‘कट झाले’. खरं तर पैसे अजून त्याच्याच बँकेत असतात.

वेबवर आल्यावर एक नवीन अडचण उभी राहिली: गल्ल्यावर कोणीच नाही. नव्वदच्या दशकात नेटस्केपच्या एसएसएलमुळे कार्ड क्रमांक वाटेत कोणी वाचू नये याची सोय झाली, पण कार्ड वापरणारा त्याचा मालकच आहे हे कसं ठरवायचं? व्हिसाने २००१ च्या सुमारास आणलेल्या थ्री-डी सिक्युअरने ग्राहकाचा ब्राउझरच त्याच्या बँकेच्या पानावर पाठवायला सुरुवात केली. तिथे पासवर्ड, पुढे ओटीपी, आणि मग परत दुकानाकडे. यातून नकळत एक वाईट सवय लागली. ग्राहक परत आला म्हणजे पैसे भरले गेले, असं दुकानांचे प्रोग्राम समजू लागले. ब्राउझर निरोप्या झाला, आणि हा निरोप्या वाटेत हरवू शकतो.

एक उदाहरण घेऊ. ग्राहकाने ९ वाजून १४ मिनिटं २ सेकंदांनी ‘पे’ दाबलं आणि एकतिसाव्या सेकंदाला ओटीपी टाकला. ओळख पटल्यावर गेटवेने, म्हणजे दुकान आणि बँका यांच्यामध्ये पेमेंट हाताळणाऱ्या सेवेने, `0100` पाठवायला लावला आणि चौतिसाव्या सेकंदाला `00` परत आलं. आता ब्राउझरला दुकानाच्या ‘धन्यवाद’ पानावर जायचं आहे, पण ग्राहक लिफ्टमध्ये शिरला आणि नेट गेलं. दुकान फक्त ब्राउझरवर विसंबून असेल तर त्याच्या लेखी ही ऑर्डर अर्धवट पडलेली. थोड्या वेळाने ती आपोआप रद्द होते, आणि तक्रार तयार.

यावरचा उपाय म्हणजे गेटवेच्या सर्व्हरने दुकानाच्या सर्व्हरला थेट कळवणं. या पद्धतीला ‘वेबहुक’ हे नाव २००७ मध्ये जेफ लिंडसे यांनी दिलं. वरच्या उदाहरणात छत्तिसाव्या सेकंदाला वेबहुक येतो, त्याला ग्राहकाच्या लिफ्टशी देणंघेणं नसतं. दुकानाने सहीवरून तो खरंच गेटवेचा आहे ना हे पडताळायचं, रक्कम ऑर्डरशी जुळवायची आणि `200`, म्हणजे ‘निरोप पोचला’, असं उत्तर द्यायचं. उत्तर मिळालं नाही तर गेटवे पुन्हा पाठवतो, म्हणून तोच निरोप दोनदाही येतो. पेमेंटचा क्रमांक नोंदवून दुसऱ्या वेळी गप्प बसणं दुकानाला जमलं नाही, तर एका पेमेंटवर दोन पार्सलं निघतात.

याहून अवघड प्रकार म्हणजे `0110` च वाटेत हरवणं. ग्राहकाच्या बँकेने होकार देऊन रक्कम अडवलेली असते, आणि इकडे वाट बघायची मुदत संपलेली असते. होकार होता की नकार, हे विचारणाऱ्याला कळायला मार्ग नाही. अशा वेळी ‘मागचं सोडून द्या’ असा उलट निरोप, `0400` किंवा `0420`, पाठवला जातो. तो पोचला तर अडवलेली रक्कम मोकळी होते. तोही हरवला तर बँकेची मुदत संपेपर्यंत, म्हणजे काही दिवस, ती तशीच अडकून राहते. ग्राहकाने स्टेटमेंट बघावं: ‘पेंडिंग’ असेल तर पैसे फक्त अडवलेले आहेत, नोंद पक्की झाली असेल तरच ते निघाले.

दुकानदाराच्या पडद्यावर हीच गोष्ट दोन शब्दांत दिसते. ‘ऑथोराइज्ड’ म्हणजे शब्द मिळाला, ‘कॅप्चर्ड’ म्हणजे वसुलीची मागणी नोंदवली. ही मागणी पुढे इतर व्यवहारांसोबत गठ्ठ्याने जाते, जशा पूर्वी पावत्या जात, आणि पैसे साधारण एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी खात्यात येतात. काही दुकानं माल निघाल्यावर कॅप्चर करायची सोय ठेवतात. तिथे कॅप्चर करायचं राहून गेलं तर मुदत संपल्यावर ग्राहकाची रक्कम गुपचूप मोकळी होते, आणि पार्सल तोवर त्याच्या घरी पोचलेलं असतं.