संगणक नसताना फोनवरूनच फॉर्म भरणे आणि मसुद्यावर सही करणे
(नेरूळ कार्यालयातून भाडेकरार करून घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

भाडेकरारासाठी आम्ही आपल्याला व्हॉट्सॲपवर दोन पीडीएफ पाठवतो: एक माहितीचा फॉर्म आणि दुसरा कराराचा मसुदा. दोन्हींचे काम फोनवर पूर्ण होते. मात्र आमच्याकडे कोरा फॉर्मच परत येतो, असे वारंवार घडते. ग्राहकाने फॉर्म मनापासून भरलेला असतो, पण व्हॉट्सॲपच्या संभाषणात दिसणारी फाइल ही मूळ कोरी प्रत असते आणि भरलेली प्रत फोनमध्ये दुसरीकडे साठवली जाते. म्हणून प्रथम फाइल फोनमध्ये उतरवून घ्यावी, ती व्हॉट्सॲपबाहेर उघडावी आणि काम झाल्यावर भरलेली प्रतच नव्याने पाठवावी.

अँड्रॉइड फोनवर ॲडोबीचे Acrobat Reader हे ॲप विनामूल्य मिळते. त्यात फाइल उघडून पेन्सिलीच्या चिन्हावर बोट ठेवले की Fill & Sign हा पर्याय दिसतो. आमचा फॉर्म स्कॅन केलेल्या कागदासारखा, म्हणजे टाइप करण्याच्या तयार चौकटी नसलेला, असला तरी या पर्यायाने हव्या त्या रेघेवर बोट टेकवून मजकूर लिहिता येतो आणि त्याचा आकार लहानमोठा करता येतो. नाव व पत्ता आधार कार्डावर इंग्रजीत जसा छापला आहे तसाच लिहावा. काही फॉर्मच्या चौकटींत देवनागरी टाइप केल्यास जोडाक्षरे तुटतात किंवा अक्षरांऐवजी चौकोन उमटतात. तसे दिसल्यास पुन्हा पुन्हा टाइप करत न बसता आम्हाला कळवावे.

आयफोनवर वेगळे ॲप लागत नाही. फाइल Files मध्ये साठवून उघडावी आणि पेनाच्या चिन्हातून मजकूर व सही जोडावी.

सहीसाठी बोटापेक्षा कागद बरा, असा आमचा अनुभव आहे. बोटाने केलेली सही बहुतेकांची वाकडी येते आणि पॅन कार्डावरील सहीशी जुळत नाही. त्यापेक्षा कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने सही करून, दिवसाच्या उजेडात कागदावर सावली पडू न देता तिचा फोटो घ्यावा आणि Acrobat Reader मध्ये सही तयार करताना तोच वापरावा. बोटानेच करायची असेल तर फोन आडवा धरावा. सही छापील नावाच्या वरच्या रेघेवर बसवावी, नावावर चढू देऊ नये.

मसुद्यातील दुरुस्तीची पद्धत वेगळी आहे. समजा, घणसोलीतील घराचे भाडे दरमहा 22,000 रुपये आणि अनामत रक्कम 75,000 रुपये ठरली आहे, पण मसुद्यात अनामत 57,000 रुपये छापली गेली आहे. आपण तो आकडा खोडून त्यावर नवा लिहू नये, कारण रक्कम अक्षरी लिहिलेल्या ठिकाणी आणि इतर कलमांतही जुनाच आकडा राहून जातो. त्या ओळीवर टिप्पणी जोडून योग्य रक्कम लिहावी, अथवा पान आणि कलमाचा क्रमांक निरोपात कळवावा. सुधारित मसुदा आम्ही पाठवू आणि सही त्यावरच करावी. आपल्याकडील एखाद्या जुन्या कराराची वर्ड फाइल फोनवर उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची गर्दी दिसली, तर फाइल बिघडली असे समजू नये. ती बहुधा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते आणि तो फॉन्ट फोनमध्ये नसतो. अशी फाइल फोनवर दुरुस्त करून साठवू नये, जशीच्या तशी आमच्याकडे पाठवावी.

पाठवण्यापूर्वी भरलेली प्रत दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये, उदाहरणार्थ गूगल ड्राइव्हमध्ये, उघडून पाहावी. तेथे मजकूर किंवा सही दिसत नसेल, तर ती आम्हालाही बहुधा दिसणार नाही. अशा वेळी ॲपमधून Print निवडावे, प्रिंटरच्या जागी Save as PDF घ्यावे आणि तयार होणारी नवी फाइल पाठवावी. त्यात लिहिलेले सर्व पानावर कायमचे उमटते. व्हॉट्सॲपवर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवावी. पडद्याचा फोटो पाठवल्यास अक्षरे धूसर होतात आणि पॅन क्रमांक अचूक वाचणे आम्हाला कठीण जाते.

मात्र ज्या पीडीएफवर आधीच आधार ई-साइन किंवा डिजिटल प्रमाणपत्राची सही आहे, ती अशा रीतीने पुन्हा प्रिंट करू नये. नव्या प्रतीत सहीचे केवळ चित्र उरते आणि तिची पडताळणी करता येत नाही.

फोनवर उमटवलेली ही सही आमच्या फॉर्मसाठी आणि मसुद्याच्या मंजुरीसाठी पुरेशी आहे. तिने करार पूर्ण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे आवश्यक आहे, व ती जबाबदारी घरमालकाची आहे. ऑनलाइन नोंदणीच्या वेळी पक्षकारांची ओळख आधारद्वारे पटवली जाते, त्यामुळे आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे की नाही, हे मसुदा मंजूर करतानाच तपासून ठेवावे.