घरातला व्हीलॅन आला कुठून?

ठाण्यात घोडबंदर रोडवरचा टॉवर असो की खारघरमधली सोसायटी, फायबरची तार हॉलमधल्या एका पेटीत येते आणि सगळं घर तिच्यावर चालतं. ऑफिसचा लॅपटॉप, मुलांचे फोन, टीव्ही, दारावरचा कॅमेरा, गीझरचा स्मार्ट प्लग आणि आलेल्या पाहुण्यांचे फोन, सगळे एकाच नेटवर्कवर असतात. हे वेगळं करायचं म्हणून हल्ली बरेच जण पाच-आठ पोर्टचा छोटा मॅनेज्ड स्विच घेतात आणि स्मार्ट उपकरणांना व पाहुण्यांना वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचं आभासी वेगळं नेटवर्क, देतात. योग्यच आहे ते. पण व्हीलॅन म्हणजे कुलूप, असं समजून चालणाऱ्यांची फसगत होते, कारण हे तंत्र सुरक्षेसाठी जन्मलंच नव्हतं.

१९८०च्या दशकात डब्ल्यू. डेव्हिड सिन्कॉस्की हे अमेरिकी अभियंते इथरनेटवरून आवाज पाठवण्याचे प्रयोग करत होते. पुढे बेलकोअर या टेलिफोन संशोधन संस्थेत गेल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न आला तो इथरनेटच्या विस्ताराचा. तेव्हाचं १० मेगाबिटचं इथरनेट वेगवान होतं, पण ते हाकाटीवर चालायचं. एकाने विचारलेलं सगळ्यांना ऐकू जायचं. अनेक नेटवर्कं जोडली की वाहतूक झाडाच्या आकारात वाहायची आणि बुंध्यापाशी तुंबायची. सिन्कॉस्कींनी प्रत्येक फ्रेमला, म्हणजे माहितीच्या गठ्ठ्याला, रंगाची खूण लावायचं सुचवलं. लाल फ्रेमचं झाड वेगळं, हिरव्याचं वेगळं, म्हणजे भार वाटला जाईल. चेस कॉटन यांच्यासोबत त्यांनी त्याचे नियम नीट बसवले. त्या सगळ्या विचारात चोर कुठेच नव्हता, होती ती गर्दी.

१९९०मध्ये कल्पना या कंपनीने इथरनेट स्विच बाजारात आणला. तिच्या संस्थापकांत विनोद भारद्वाज होते. १९९४मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विच आल्यावर खुणेची कल्पना ऑफिसांमध्ये रुजली: एकाच मजल्यावर, एकाच स्विचवर हिशेब विभाग वेगळा आणि बाकीचे वेगळे. फक्त प्रत्येक कंपनीची खूण निराळी होती. १९९८मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने तिचं मानक ठरवलं. फ्रेमच्या मधे ४ बाइटची चिठ्ठी घालायची आणि तिच्यातल्या १२ बिटांत व्हीलॅनचा क्रमांक लिहायचा. आज छोट्या स्वस्त स्विचच्या सेटिंगच्या पानावर `802.1Q VLAN` असं जे लिहिलेलं दिसतं, ते हेच.

ही चिठ्ठी साध्या उपकरणांना वाचता येत नाही, आणि घरात स्विच बसवणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच आहे. टीव्हीकडे जाताना स्विचला चिठ्ठी काढावी लागते, टीव्हीकडून येणाऱ्या फ्रेमला ती चिकटवावी लागते. ही दोन वेगळी कामं आहेत, आणि छोट्या स्विचमध्ये त्यांची सेटिंग बहुधा दोन वेगळ्या पानांवर असते.

घरात व्हीलॅन तसा आधीच शिरला होता. २००२च्या सुमारास निघालेल्या लिंक्सिसच्या प्रसिद्ध निळ्या-काळ्या राउटरमध्ये इंटरनेटचं पोर्ट आणि घरची चार पोर्टं एकाच स्विच चिपवर होती. त्यांना वेगळं ठेवणारे आत दोन व्हीलॅनच होते. ते हाताळायची गरज वापरणाऱ्याला पडली नाही. ती पडू लागली २०१६नंतर. त्या वर्षी मिराय नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला साइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर त्यांच्याकरवी मारा झाला आणि अनेक मोठ्या साइट काही तास बंद पडल्या. स्वस्त कॅमेऱ्याला घरच्या लॅपटॉपशेजारी बसवू नये, हे तेव्हा पटलं. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये ऐरोली-महापेची ऑफिसं घरी आली, आणि त्याच नेटवर्कवर कंपनीचे लॅपटॉपही आले.

आता कासारवडवलीतलं एक दोन बीएचके घर घेऊ. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली आहे. व्हीलॅन १० घरचा, २० स्मार्ट उपकरणांचा, ३० पाहुण्यांचा. आठ पोर्टच्या स्विचवर पोर्ट १ राउटरला आणि पोर्ट २ वायफायच्या अॅक्सेस पॉइंटला जातं. या दोन्हींवर तिन्ही व्हीलॅन टॅग, म्हणजे तीच चिठ्ठी, लावून ठेवायचे, म्हणजे अॅक्सेस पॉइंट तीन नावांची वायफाय देऊन प्रत्येकाची फ्रेम योग्य व्हीलॅनमध्ये घालतो. पोर्ट ३वर टीव्ही आहे, तो व्हीलॅन २०मध्ये बिनटॅगचा.

नेहमीची चूक इथे होते. सभासदत्वाच्या पानावर पोर्ट ३ व्हीलॅन २०मध्ये टाकलं, पण दुसऱ्या पानावरचा `PVID`, म्हणजे आत येणाऱ्या फ्रेमला चिकटवायचा क्रमांक, १च राहिला. मग टीव्हीकडे जाताना चिठ्ठी काढली जाते, पण टीव्हीकडून येणारी फ्रेम व्हीलॅन १मध्ये पडते. तिथे राउटर ऐकतच नाही, म्हणून पत्ता मिळत नाही. ओळखायची खूण सोपी: त्या पोर्टला लॅपटॉप लावला तर `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसतो. `PVID` २० करायचा आणि पोर्ट ३ला व्हीलॅन १मधून काढायचं. काही स्वस्त स्विच व्हीलॅन १मधून काढूच देत नाहीत आणि त्यांचं सेटिंगचं पानही कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं. माझ्या मते घेण्याआधी नेमकं हेच तपासावं, पोर्टची संख्या नंतर.

एवढं झालं की हाका वेगळ्या झाल्या. अडवणूक मात्र अजून झालेली नाही. तिन्ही व्हीलॅन राउटरवर एकत्र येतात, आणि एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात वाट करून देणं हे राउटरचं कामच आहे. ओपनडब्ल्यूआरटीत व्हीलॅन २०चा इंटरफेस घाईत फायरवॉलच्या `lan` झोनमध्येच टाकला, तर कॅमेरा लॅपटॉपपर्यंत बिनदिक्कत पोचतो. त्याला वेगळा झोन द्यायचा. त्यातून इंटरनेटकडे वाट, घराकडे नाही, आणि राउटरकडे फक्त पत्ता मागण्यापुरती व नावं विचारण्यापुरती. तपासणीसाठी घरच्या प्रिंटरला हाक मारावी:

```
ping 192.168.10.25
```

आधी घरच्या वायफायवरून उत्तर येतंय ना ते बघायचं, मग स्मार्ट उपकरणांच्या वायफायवरून. विंडोजच्या लॅपटॉपला हाक मारून ही चाचणी करू नये. त्याचा स्वतःचा फायरवॉल उत्तर दाबतो आणि राउटरने अडवल्याचा खोटा दिलासा मिळतो.

शेवटी तक्रार येते ती घरच्यांकडून: फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर जात नाही. फोन टीव्हीला शोधतो ते `224.0.0.251` या पत्त्यावर, ५३५३ पोर्टवर हाक मारून. ही हाक मुळातच आपल्या नेटवर्कबाहेर जाऊ नये अशी आखलेली आहे, आणि हाका आत ठेवण्यासाठीच तर व्हीलॅन निघाला. त्यामुळे इथे काहीच बिघडलेलं नाही. राउटरवर अवाही हा प्रोग्राम बसवून ती हाक मुद्दाम पलीकडे पोचवावी लागते. त्याच्या सेटिंगच्या फायलीत असं लिहायचं, इंटरफेसची नावं आपल्या राउटरप्रमाणे बदलतील:

```
[server]
allow-interfaces=br-lan.10,br-lan.20
[reflector]
enable-reflector=yes
```

सोबत फायरवॉलमध्ये व्हीलॅन २०कडून राउटरच्या ५३५३ला परवानगी आणि घराकडून व्हीलॅन २०कडे वाट द्यायची. सुरुवात घराने केली की टीव्हीचं उत्तर आपोआप परत येतं, उलट दिशेची वाट उघडावी लागत नाही. यादीत व्हीलॅन ३० घातलेला नाही, त्यामुळे पाहुण्यांच्या फोनवर टीव्हीचं नाव दिसत नाही.