सातबाऱ्यावर नाव असलं की झालं?

“सातबाऱ्यावर विकणाऱ्याचं नाव आहे, बोजा नाही, म्हणजे जमीन निर्वेध.”

असं धरून चालू नका. सातबारा हा महसुली अभिलेख. मालकी ठरते ती मूळ दस्तांवरून. म्हणून त्यावरचे फेरफार क्रमांक, म्हणजे नावांतल्या बदलांच्या नोंदींचे क्रमांक, घेऊन मागे जा आणि प्रत्येकामागचा दस्त काढा. समजा, 1998 च्या खरेदीखतावर दोन भावांच्याच सह्या आहेत, पण वडिलांच्या वारस फेरफारात बहिणीचंही नाव आहे. तिचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र सापडत नसेल, तर तिचा हिस्सा विकला गेला असं धरता येत नाही. आजच्या सातबाऱ्यावर हे दिसणारही नाही.

बोज्यासाठी इंडेक्स टूचा, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीचा, 30 वर्षांचा शोध घ्या. शिवाय मूळ खरेदीखत स्वतः हातात घेऊन पाहाच. नुसती झेरॉक्स दाखवत असतील, तर मूळ प्रत कर्जापोटी बँकेत आहे का, ते स्पष्ट विचारा.