स्वस्त शेअर, महाग कारखाना

शेअर बाजारात नोंदलेल्या दोन साखर कंपन्या घेऊ. आकडे समजण्यासाठी मांडलेले आहेत, पण त्यांचं गणित कुठल्याही खऱ्या ताळेबंदावर तसंच चालतं. दोघींचा एकेक कारखाना आहे, दोन्हींची गाळप क्षमता रोज 5,000 टन. व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा, म्हणजे ज्याला बाजारात एबिटडा म्हणतात, तो दोघींचा वर्षाला 100 कोटी. घसारा प्रत्येकी 20 कोटी. इथपर्यंत दोघी जुळ्या बहिणी.

फरक पैसा कुठून आला यात आहे. ‘अ’ कंपनीवर कर्ज नाही, उलट वर्षभरात सरासरी 110 कोटी रुपये बँकेत शिल्लक असतात. तिचे 10 कोटी शेअर आहेत आणि भाव 76 रुपये. ‘ब’ कंपनीवर सरासरी 500 कोटींचं कर्ज आहे, व्याजदर 10 टक्के, आणि शिल्लक जेमतेम 10 कोटी. तिचे 5 कोटी शेअर, भाव 40 रुपये. म्हणजे ‘अ’चं बाजार भांडवल 760 कोटी, ‘ब’चं 200 कोटी.

आता सगळे जे गुणोत्तर आधी बघतात ते काढू: बाजार भांडवल भागिले निव्वळ नफा, म्हणजेच पी/ई. कर 25 टक्के धरला आणि शिलकीवरचं व्याज हिशेब सोपा राहावा म्हणून सोडून दिलं, तर ‘अ’चा निव्वळ नफा 60 कोटी. ‘ब’ला आधी 50 कोटी व्याज भरावं लागतं, म्हणून तिच्या हाती साडेबावीस कोटीच उरतात. ‘अ’चा पी/ई 12.7 आणि ‘ब’चा 8.9. यावरून ‘ब’ स्वस्त आहे असंच कुणालाही वाटेल.

पण उद्या कुणी ‘ब’ कंपनी पूर्णच्या पूर्ण विकत घ्यायची ठरवली, तर 200 कोटी भागधारकांना देऊन भागणार नाही. कंपनीसोबत 500 कोटींचं कर्जही त्याच्या अंगावर येतं. बँकेतले 10 कोटी मात्र त्याचे होतात. म्हणून त्याला हा कारखाना प्रत्यक्षात 690 कोटींना पडतो. ‘अ’ घेणारा 760 कोटी मोजतो, पण तिजोरीतले 110 कोटी त्याला लगेच मिळतात, म्हणजे त्याला कारखाना पडतो 650 कोटींना. बाजार भांडवल अधिक कर्ज वजा रोकड, या बेरजेला एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणतात. तिला एबिटडाने भागलं की ‘अ’साठी 6.5 येतात आणि ‘ब’साठी 6.9. तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढाच कमावणारा कारखाना ‘ब’मध्ये महाग मिळतो आहे. पी/ईने नेमकं उलटं सांगितलं होतं.

असं होतं, कारण पी/ई दोन गोष्टी एकत्र मोजतो: धंदा किती कमावतो, आणि तो कुणाच्या पैशावर उभा आहे. ‘ब’चा पी/ई कमी आहे कारण तिचा शेअर जास्त जोखमीचा आहे. साखरेचा भाव पडून दोघींचा एबिटडा 100 वरून 70 कोटींवर आला असं धरा. ‘अ’चा निव्वळ नफा 60 वरून साडेसदतीस कोटी होईल. ‘ब’चा शून्य होईल, कारण घसारा आणि व्याज मिळून नेमके 70 कोटी होतात. एवढी जोखीम घेणारा भागधारक कमी भाव देणारच. मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थशास्त्रज्ञांनी 1958 मध्ये दाखवून दिलं, की कर आणि दिवाळखोरीचा खर्च बाजूला ठेवला तर कर्ज आणि भांडवल यांचं प्रमाण बदलल्याने धंद्याची एकूण किंमत बदलत नाही, तिची वाटणी तेवढी बदलते. एंटरप्राइज व्हॅल्यू मोजते ती एकूण किंमत.

इथे एक चूक फार वेळा दिसते: बाजार भांडवलाला थेट एबिटडाने भागणं. तसं केलं तर ‘अ’ला 7.6 येतात आणि ‘ब’ला फक्त 2, आणि ‘ब’ कवडीमोल वाटायला लागते. एबिटडातून अजून व्याज गेलेलं नसतं, त्यावर बँकेचाही हक्क असतो. म्हणून त्याच्या वरच्या आकड्यात बँकेचा पैसा आलाच पाहिजे. निव्वळ नफा व्याज भरून उरलेला असतो, त्याची जोडी बाजार भांडवलाशी.

सूत्र सोपं आहे. खरी मेहनत कर्जाचा आकडा ठरवण्यात आहे, आणि साखर धंद्यात तर विशेष. आपल्याकडे ऊस साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत गाळला जातो, पण साखर वर्षभर विकली जाते. त्यामुळे 31 मार्चला गोदामं भरलेली असतात आणि त्या साखरेवर उचललेलं मालतारण कर्ज शिखराच्या आसपास असतं. ‘ब’चं कर्ज मार्चअखेर 600 कोटी असेल आणि साखर विकली गेल्यावर सप्टेंबरअखेर 400 कोटी. बाजार भांडवल तेच धरलं तरी मार्चच्या ताळेबंदावरून गुणोत्तर 7.9 येतं, सप्टेंबरच्या ताळेबंदावरून 5.9. कारखाना तोच, तारीख वेगळी. ‘अ’ही यातून सुटत नाही: मार्चमध्ये तिचा पैसा साखरेच्या पोत्यांत अडकलेला असतो आणि शिल्लक 10 कोटींवर येते, सप्टेंबरमध्ये ती 210 कोटी होते. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना सहामाही ताळेबंदही जाहीर करावा लागतो, तेव्हा दोन्ही तारखांचे आकडे घेऊन सरासरी काढावी. निदान दोन कंपन्यांची तुलना एकाच तारखेवर करावी.

ताळेबंदात कर्ज दोन ठिकाणी असतं, दीर्घ मुदतीचं आणि अल्प मुदतीचं. मालतारण दुसऱ्या ठिकाणी सापडतं. घाईत फक्त पहिला आकडा उचलणाऱ्याच्या हिशेबातून तेच निसटतं. कंपनी एखादा सहकारी कारखाना भाडेतत्त्वावर चालवत असेल, तर आणखी एक ओळ बघावी लागते. 1 एप्रिल 2019 पासून लागू झालेल्या इंड-एएस 116 या लेखामानकामुळे बहुतेक दीर्घ मुदतीचं भाडं खर्चात दिसत नाही, त्याची जागा घसारा आणि व्याज घेतात. एबिटडा त्यामुळे फुगतो. म्हणून भाडेकराराची देणी कर्जात मिळवली नाहीत, तर त्या कारखान्याची कमाई मोजली जाते आणि त्याची किंमत राहून जाते.

आणि सगळ्यांत जास्त दडणारी रक्कम म्हणजे शेतकऱ्यांची थकलेली एफआरपी, सरकारने ठरवलेल्या किमान दराने होणारे उसाचे पैसे. ऊस नियंत्रण आदेश 1966 नुसार ऊस पोहोचल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यावे लागतात, नंतर वर्षाला 15 टक्के व्याज लागू होतं. ताळेबंदात मात्र ही रक्कम व्यापारी देण्यांत बसते, कर्जात नाही. 14 दिवसांच्या आतलं देणं हा धंद्याचा रोजचा भाग आहे, ते मिळवू नये. त्यापुढचं थकलेलं देणं माझ्या मते सरळ कर्ज धरावं: ते शेतकऱ्याने दिलेलं आहे, त्याच्या इच्छेविरुद्ध दिलेलं आहे, आणि दरानं बँकेपेक्षा महाग आहे. व्यापारी देणी वर्षागणिक वाढताहेत आणि उसाची खरेदी तेवढीच आहे असं दिसलं, तर इथे संशय घ्यायला जागा आहे.

‘ब’कडे अशी 60 कोटींची थकबाकी निघाली तर तिची एंटरप्राइज व्हॅल्यू 750 कोटी होते आणि गुणोत्तर 7.5. हिशेब उलटाही लावून बघा. ‘अ’च्या 6.5 पटीने ‘ब’चा कारखाना 650 कोटींचा ठरतो. त्यातून 500 कोटी कर्ज आणि 60 कोटी थकबाकी वजा करून 10 कोटी रोकड मिळवली, की भागधारकांसाठी 100 कोटी उरतात. 5 कोटी शेअरमध्ये ते वाटले तर एका शेअरला येतात 20 रुपये. बाजारात त्याचा भाव आहे 40.