आरतीच्या रीलमध्ये घंटेचा आवाज का फाटतो?

गेल्या गणपतीत सांगलीला मामाकडे आरतीचा व्हिडिओ काढला, फोन देव्हाऱ्याच्या बाजूच्या स्टुलावर ठेवला होता, फ्रेम एकदम मस्त आली, निरांजनाची ज्योत वगैरे सगळं सुंदर, आणि लावून बघितलं तर घंटा वाजली की नुसतं खर्रर्र. मामाने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, "अरे, आपली घंटा अशी नाही रे वाजत." बरोबर होतं त्याचं. ती पितळेची घंटा आजोबांच्या वेळची आहे, तिचा आवाज घरात सगळ्यांच्या कानात बसलाय, आणि फोनमध्ये जे आलं होतं ते कुणीतरी पत्र्यावर चमचे आपटतंय असं.

आवाज फाटतो म्हणजे नेमकं काय होतं ते आधी बघू, कारण ते कळलं की फोन कुठे ठेवायचा हे आपोआप कळतं. फोन आवाज साठवतो म्हणजे हवेचा दाब किती वरखाली झाला याचे आकडे लिहून ठेवतो, व्हिडिओत सहसा सेकंदाला 48,000 आकडे. साध्या 16 बिटच्या फाइलमध्ये यातला मोठ्यात मोठा आकडा 32,767, त्याच्यावर लिहायला जागाच नाही. घंटेच्या लोलकाचा टोला बसतो तेव्हा पहिल्या काही मिलीसेकंदांत दाब एकदम उसळतो, त्यानंतरचा जो गोड लांब नाद आपण घंटेचा आवाज म्हणून ओळखतो तो त्याच्या मानाने कितीतरी हळू असतो. त्या उसळीला 60,000 लिहायला हवं असेल तरी फोन 32,767 च लिहितो, पुढचाही तोच, त्याच्या पुढचाही तोच, म्हणजे लाटेचा गोल माथा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. आणि सपाट माथ्याची लाट म्हणजे मूळ लाट अधिक भलतेच नवे सूर. बासरीसारख्या वाद्यात हे नवे सूर निदान मूळ सुराच्या पटीत पडतात, पण घंटेत एकाच वेळी जे चारपाच सूर वाजत असतात ते एकमेकांच्या सरळ पटीत नसतातच, त्यामुळे कापल्यावर तयार होणारे सूर कुठेच बसत नाहीत आणि कानाला ते कर्कश लागतं.

नंतर एडिटिंगमध्ये आवाज कमी केला तरी काही उपयोग नाही, माथा कापलेलाच राहतो, फक्त छोटा दिसतो. एखाददुसरा टोला कापला गेला असेल तर डीक्लिप करणारं सॉफ्टवेअर आजूबाजूच्या लाटेवरून अंदाजाने माथा भरून देतं, पण आरतीत घंटा सलग वाजत असते, तिथे तो अंदाज फार लवकर चुकायला लागतो.

आता एक गोष्ट मला स्वतःला उशिरा कळली म्हणून इथे जरा थांबतो. आमच्या त्या क्लिपची वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र, ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली तर ती वरच्या रेषेला टेकलेलीच नव्हती, अर्ध्या उंचीवर होती! मग फाटली कशी? झूम करत करत एका टोल्यापर्यंत गेलो तेव्हा दिसलं की अर्ध्या उंचीवरच माथे सपाट आहेत. म्हणजे कापणी आकडे लिहिण्याआधीच झाली होती, फोनचा तांदळाच्या दाण्याएवढा माइक किंवा त्याच्या मागचं सर्किटच त्या दाबाला पुरलं नव्हतं, आणि नंतर फोनने तो फाटलेला आवाज आणखी कमी करून साठवला. त्यामुळे लेव्हलचा काटा लाल झाला नाही म्हणजे आवाज नीट आला असं समजू नका, झूम करून माथा बघा, गोल आहे की सपाट. आणि म्हणूनच गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, कमी करणं किंवा महागडा 32 बिट फ्लोटवाला रेकॉर्डर आणणं याने प्रत्येक वेळी सुटका होत नाही, माइकच्या पडद्यावरच जास्त दाब पडला तर पुढे कितीही मोठे आकडे लिहायची सोय असून काय करणार.

मग उपाय काय, तर अंतर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज 6 डेसिबलने उतरतो, म्हणजे लाटेची उंची निम्मी होते. आमच्याकडे फोन घंटेपासून एक फूट आणि म्हणणारी माणसं चार फुटांवर, म्हणजे आधीच मोठा असलेला आवाज जवळ आणि हळू असलेला लांब, अगदी उलटं. दुसऱ्या दिवशी बाजू बदलली. फोन म्हणणाऱ्यांच्या बाजूला, त्यांच्यापासून दोन फुटांवर ट्रायपॉडवर, आणि घंटेपासून आठ फूट. हिशोब करा, घंटेचं अंतर एकाचं दोन, दोनाचं चार, चाराचं आठ, तीनदा दुप्पट झालं म्हणजे 18 डेसिबल कमी, आणि माणसांचं चाराचं दोन म्हणजे 6 डेसिबल जास्त. कुठलंही बटण न दाबता दोघांतला फरक 24 डेसिबलने बदलला.

खोलीत मात्र हा पूर्ण फायदा मिळत नाही हे सांगायला हवं. फरशी, भिंती, काचेचं कपाट यांच्यावर आपटून घंटेचा आवाज सगळीकडे पसरतो, आणि एका अंतरानंतर लांब गेलं तरी तो तेवढाच राहतो, फक्त घुमल्यासारखा होतो. आम्ही कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या बाजूला सतरंजी अंथरली, फोनच्या मागच्या भिंतीला गादी टेकवून ठेवली आणि कपाटावर जाड चादर टाकली, तेवढ्याने टाळ्यांचा तो टणटण घुमणारा आवाज बराच बसला.

दुसरा त्रास फोनच्या हुशारीचा. बहुतेक फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करत असतात, ऑटो गेन म्हणतात त्याला. टोला पडला की फोन सगळंच खाली ओढतो, त्यात म्हणणाऱ्यांचे शब्द पण बुडतात, मग टोल्यांच्या मधे परत वर आणतो आणि तेव्हा बाहेरची रिक्षा आणि किचनमधला फ्रिज पुढे येतो, त्यामुळे क्लिप श्वास घेतल्यासारखी वरखाली होत राहते. आणि नॉइज सप्रेशन तर शंखाचा वैरीच. ते बनवलंय बोलणं ऐकू यावं म्हणून, त्यामुळे जो आवाज तुटक तो माणसाचा आणि जो एकसारखा लांब चालतो तो पंख्याचा, असा साधारण त्याचा हिशोब असतो. शंखाचा सूर आठ-दहा सेकंद एकसारखा चालतो, तर ते सुरुवातीचा एखादा सेकंद ठेवतं आणि मग हळूहळू शंखच पुसायला लागतं, घंटेची शेपटी तर लगेच कापतं. कॉलरला लावायच्या वायरलेस माइकवरही हे बटण असतं, आरतीला ते बंदच ठेवायचं.

अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा नावाचं फुकट अ‍ॅप आहे, त्याच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये `Audio source` असतं, तिथे `Unprocessed` निवडून बघा. काही फोन हे मानतात, काही मानत नाहीत. तपासायला सोपं आहे, फोन ठेवून दहा सेकंद हळू आवाजात सलग आकडे म्हणा, मधेच एकदा जोरात टाळी वाजवा, आणि टाळीनंतरचे आकडे दबले का ते ऐका. दबले तर ऑटो गेन चालू आहे, मग अशा वेळी दुसरा फोन किंवा छोटा रेकॉर्डर फक्त आवाजासाठी ठेवायचा आणि आरतीच्या पहिल्या टोल्यावरून चित्र आणि आवाज जुळवायचा, घंटेचा टोला इतका टोकदार असतो की क्लॅप वेगळा द्यावाच लागत नाही. लेव्हल हाताने ठरवता येत असेल तर मामाला म्हणायचं मामा, वाजव आता खरी आरतीत वाजवतोस तशी, आणि त्यातला सगळ्यात मोठा टोला -12 डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं. -12 म्हणजे छताच्या, त्या 32,767 च्या, पाव उंचीवर. जास्तच जागा सोडली असं वाटेल, पण चाचणीला माणूस हळू वाजवतो आणि आरती रंगात आली की हात सुटतो.

शंखाचं गणित वेगळं आहे. तो फुंकणाऱ्याचे ओठ थरथरतात तेव्हा वाजतो, ट्रंपेटसारखा, आणि त्याच्या तोंडातून आवाजाबरोबर हवाही बाहेर येते, ती माइकवर थेट आली की भक्क भक्क असा आवाज पडतो जो काही केल्या जात नाही. शिवाय शंखाचे बारीक चढे सूर तोंडाच्या दिशेने सरळ जातात आणि जाडे सूर सगळीकडे पसरतात, म्हणून समोरून घेतला तर टोचतो आणि पार मागून घेतला तर गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतो. फोन शंखाच्या तोंडासमोर नाही तर तिरका बाजूला, पाचसहा फुटांवर, इथे सगळ्यात चांगला आला. मामीचा भाऊ शंख वाजवतो, त्यांना फक्त दाराकडे अर्धं वळून उभं राहायला सांगितलं, फोन हलवलाच नाही.

राहिला मागचा गोंगाट. निरांजन विझू नये म्हणून पंखा तसाही बंद करतात, तो आरतीच्या पाच मिनिटं आधीच करा, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद (नंतर आठवणीने चालू करा), आणि सगळे गप्प असताना दहा सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. ऑडॅसिटीच्या `Noise Reduction` मध्ये हा तुकडा सिलेक्ट करून `Get Noise Profile` दाबायचं, मग पूर्ण आरती सिलेक्ट करून 6 डेसिबलच कमी करायचं. तिथे `Residue` असा एक पर्याय आहे, तो निवडून ऐकलं की काय काय काढून टाकलं जातंय तेवढंच ऐकू येतं. त्यात नुसती सरसर असेल तर ठीक, पण घंटेचा नाद ऐकू आला तर तुम्ही घंटाच पुसताय, आकडा कमी करा. शेजारच्या मंडळाचा स्पीकर किंवा मधेच कुणी बोललेलं यातून जात नाही, त्याला वेळ बदलणं हाच मार्ग, आम्ही सकाळची आरती घेतली.

नवीन क्लिप मामाने हेडफोन लावून ऐकली आणि डोळे मिटून म्हणाला, "हां, ही आपली." टोला पडल्यावर जो वांऽ वांऽ वांऽ असा झोके घेत विरतो ना, तो या वेळी आला होता. ओतलेली घंटा अगदी तंतोतंत गोल कधीच नसते, त्यामुळे तिचा एकच सूर दोन जवळजवळच्या सुरांत फुटतो, समजा 2,000 आणि 2,003 कंपनं, तर सेकंदाला तीन झोके ऐकू येतात. प्रत्येक घंटेचे झोके वेगळे. आणि हे सगळं त्या हळू शेपटीतच असतं, म्हणून रील कापताना शेवटच्या टोल्याला लगेच कात्री लावू नका, चारपाच सेकंद तरी राहू द्या, आणि एक्सपोर्ट करताना सगळ्यात उंच माथा -1 डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, कारण अपलोड झाल्यावर आवाज परत कॉम्प्रेस होतो आणि त्यात माथे किंचित वर सरकतात, काठोकाठ भरलेला टोला तिथे पुन्हा फाटू शकतो.